सूत कुठलं, हात कुठले: चौलच्या एका मागाची पार्श्वभूमी

परदेशी गिऱ्हाइकांसाठी आमच्या घराण्याची गोष्ट लिहायला घेतली, तेव्हा दादाने पहिलंच वाक्य लिहिलं होतं: 'दोन हजार वर्षांची परंपरा.' ते मी खोडलं. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक सागरी प्रवासग्रंथातलं 'सेमुल्ल' बंदर म्हणजे आपलं कोकणातलं चौल, असं अभ्यासक मानतात, ते ठीक. पण गाव जुनं म्हणून घराणं तितकं जुनं होत नाही. आजोबांच्या वडिलांच्या मागे आम्हाला नावंसुद्धा सांगता येत नाहीत.

दुसरं वाक्य होतं, 'सारं काही आमच्याच मातीतलं.' हे जास्त अडचणीचं होतं, कारण कोकणात कापूस होतच नाही म्हटलं तरी चालेल. बोंडं फुटायच्या वेळी कोरडी हवा लागते. इथे पावसाळ्यात तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि खाली जांभा दगड.

मग चौलचे विणकर विणत काय होते? १५८०च्या दशकात हिंदुस्थानात राहून गेलेल्या लिन्सखोतेन या डच माणसाने चौलच्या रेशमी कापडाबद्दल लिहून ठेवलंय. कच्चं रेशीम चीनहून यायचं, इथे त्याचं कापड व्हायचं आणि ते पुढे बाहेरगावी जायचं. म्हणजे पोर्तुगीज अमदानीतही 'आपल्या मातीतलं' फक्त विणकाम होतं. पुढे बंदर ओसरत गेलं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी चौलचे विणकर मुंबईत नेऊन वसवले, आणि गेलेले बहुतेक तिकडचेच झाले.

मागे राहिलेल्यांच्या हाती सुती काम आलं. एकोणिसाव्या शतकात विलायती गिरण्यांचं सूत स्वस्त झालं आणि १८५०च्या दशकात मुंबईतही सूतगिरणी उभी राहिली. त्यापुढे चरख्यावरचं सूत परवडेना. रहाट घरात राहिला, पण कांड्या भरायला. आज आमचं सूत तामिळनाडूतल्या गिरण्यांतून लडींनी येतं. लडी मिळतात त्यालाही कायदा आहे: ठरावीक वाटा सूत लडीत बांधायचं बंधन गिरण्यांवर १९७४ पासून आहे. कोनावर गुंडाळलेलं सूत यंत्रमागाला बरं. हातमागवाल्याला रंगवायला आणि पाजण करायला, म्हणजे सुताला खळ द्यायला, लडच हवी.

एका स्टोलचा हिशेब सांगते, म्हणजे 'सूत' या शब्दाचं वजन कळेल. रुंदी २८ इंच, फणीत इंचाला ४० धागे, म्हणजे ताण्याचे, उभे, ११२० धागे. गाठी आणि वाया जाणारा भाग धरून प्रत्येक धागा २.२ मीटर. त्याचेच झाले जवळजवळ अडीच किलोमीटर. धोट्याने घातलेला आडवा धागा साधारण सव्वादोन किलोमीटर. सगळं मिळून पावणेपाच किलोमीटर, ४० नंबरी सुताच्या सहा लडींहून थोडं जास्त, आणि वजन उणंपुरं ७० ग्रॅम. यातला एक मीटरही आमच्या घरी कातलेला नाही.

म्हणूनच आम्ही 'खादी' हा शब्द वापरत नाही. १९५६च्या खादी आयोगाच्या कायद्यात खादी म्हणजे हाताने कातलेल्या सुताचं, हातमागावर विणलेलं कापड. आमच्या कापडाला अर्धी अट लागू. एका परदेशी दुकानदाराने न विचारता आमच्या मालावर तो शब्द छापला होता. काढायला लावल्यावर पुढची ऑर्डर आली नाही. आम्हाला शोभतो तो 'हँडलूम मार्क', २००६ पासूनचा. तो विणण्याबद्दल ग्वाही देतो, कातण्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

गिऱ्हाईक विचारतं, हातमागाचं कापड ओळखायचं कसं? काठ बघा, असं पुष्कळ जण सांगतात. खरं म्हणजे धोट्याच्या यंत्रमागाचा काठही तसाच दिसतो. ठोक्याची थोडी कमीजास्त दाटी उजेडात धरल्यावर दिसते, पण कसबी हाताचं कापड इतकं सारखं येतं की तीही सापडत नाही. म्हणून नुसत्या कापडावरून पैज लावू नये.

आमच्या गोष्टीत खरोखर कोकणचं काही असेल तर तो पाऊस. आषाढात खड्डामागाच्या खड्ड्यात पाणी झिरपतं, म्हणून आजोबांनी माग वर चौकटीवर घेतला. तांदळाच्या पेजेची खळ लावलेला ताणा तेव्हा वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी बुरशीचे काळे ठिपके धरतो. काकू वास घेऊनच सांगते, 'हा गेला.' त्यामुळे पाजण मे अखेर उरकतो आणि पावसाळाभर आधीच पाजलेल्या ताण्यांवर विणतो. जुलैत एवढ्यासाठीच नवीन रंग देता येत नाही, तयार ताण्यांत असतील तेच.

आता सुरुवातीला लिहिलंय, 'सूत तामिळनाडूतल्या गिरणीचं, विणकाम चौलला.' दादाला ते अजून फिकंच वाटतं.