पाळीचा दिवस आणि संप्रेरकांच्या रक्ततपासण्या

स्त्रीच्या रक्तातली काही संप्रेरके महिनाभर एका पातळीवर राहत नाहीत. त्यामुळे त्यांचा आकडा वाचताना रक्त पाळीच्या कितव्या दिवशी घेतले हे माहीत असावे लागते. मराठवाड्यात, विशेषतः मूल होण्यासाठीच्या उपचारांत, या तपासण्या आता तालुक्याच्या गावीही लिहून दिल्या जातात. त्यांतली सर्वाधिक चूक यंत्रात होत नाही, दिवस मोजण्यात होते.

पहिला दिवस म्हणजे नीट अंगावरून जायला लागते तो दिवस. आदल्या दिवशी नुसता डाग दिसला असेल तर तो धरत नाहीत. काही घरांत पाळीचे चार दिवस बाजूला बसण्याची रीत अजून आहे. तिथे बाईच्या लक्षात डोक्यावरून न्हाल्याची तारीख राहते आणि दवाखान्यात ती तीच सांगते. मोजणी तिथेच तीन-चार दिवस पुढे सरकते. म्हणून ‘पाळी कधी आली?’ यापेक्षा ‘अंगावरून जायला कोणत्या दिवशी लागलं?’ असे विचारलेले बरे.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी अंडाशयाला चालना देणारी एफएसएच व एलएच ही संप्रेरके आणि अंडाशयातून येणारे इस्ट्रॅडिऑल पाहतात. या दिवसांत अंडाशय जवळजवळ विश्रांतीत असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीला त्याला जागे करायला किती जोर लावावा लागतो, ते एफएसएचवरून कळते. अंडी कमी उरली असतील तर जोर वाढतो आणि आकडा दहाच्या वर जाऊ लागतो. इस्ट्रॅडिऑल सोबत का, याचे कारण रिपोर्ट वाचताना बहुधा सुटते. ते ऐंशी पिकोग्रॅमच्या बरेच वर असेल तर ते एफएसएचला दाबून ठेवते. मग एफएसएच सात दिसले तरी त्या सातावर विसंबता येत नाही. बाजूला बसण्याची रीत पाळणारी बाई पाचव्या-सहाव्या दिवशी, न्हाऊन झाल्यावर दवाखान्यात आली, तर नेमका हाच घोटाळा होऊ शकतो, कारण तोवर नवे अंडे वाढीला लागून इस्ट्रॅडिऑल चढू लागलेले असते.

एलएच हे एफएसएचच्या दुप्पट आले की पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार, असा समज जुना आणि चिवट आहे. हे निदान अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण किंवा त्यांची अंगावरची लक्षणे, आणि सोनोग्राफी अथवा अंडाशयातूनच येणारे एएमएच हे संप्रेरक यांवरून होते. त्या गुणोत्तरावरून ते करत नाहीत.

यांतली सर्वांत गैरसमजाची तपासणी म्हणजे ‘एकविसाव्या दिवसाचे’ प्रोजेस्टेरॉन. अंडे ज्या पुटकात वाढते त्यातून ते बाहेर पडले की मागे उरलेल्या पुटकाचे पीतपिंडात रूपांतर होते आणि तो प्रोजेस्टेरॉन तयार करतो. ते सुमारे आठवड्याने शिखरावर पोहोचते आणि गर्भ राहिला नाही तर आणखी आठवड्याने पाळी येते. म्हणजे ही तपासणी पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी करायची असते. एकवीस हा आकडा फक्त अठ्ठावीस दिवसांच्या पाळीतून आला आहे. पाळी लांबली तर वाढतो तो अंडे फुटण्याआधीचा काळ. नंतरचे दोन आठवडे फारसे बदलत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. औसा तालुक्यातल्या एका बाईची पाळी दर पस्तीस दिवसांनी येते. 3 जूनला पाळी आली. चिठ्ठीवर ‘एकविसावा दिवस’ लिहिले होते, म्हणून तिने 23 जूनला लातूरला जाऊन रक्त दिले. प्रोजेस्टेरॉन 0.7 नॅनोग्रॅम आले आणि ‘अंडं फुटत नाही’ असे तिला सांगण्यात आले. पण तिचे अंडे त्याच सुमारास फुटत असणार, कारण पुढची पाळी 8 जुलैला आली. त्या महिन्यात रक्त अठ्ठाविसाव्या दिवशी, 4 ऑगस्टला घेतले आणि आकडा 9.4 आला. 12 ऑगस्टला पुन्हा पाळी आल्यावर तो दिवस योग्य होता हेही पक्के झाले. बाई तीच, अंडाशय तेच, फरक दिवसाचा होता. म्हणून प्रोजेस्टेरॉन कमी आले तर पुढची पाळी कधी येते ते लिहून ठेवावे आणि तिथून उलटे मोजावे. त्याआधी औषध सुरू करणे घाईचे ठरते. पाळीचा नेमच नसेल तर अठ्ठाविसाव्या दिवसापासून दर आठवड्याला, पाळी येईपर्यंत ही तपासणी करतात.

हा आकडा तीनच्या वर असला की अंडे फुटले असे मानतात. त्यापलीकडे त्याच्याकडून फार काही मागू नये. प्रोजेस्टेरॉन रक्तात झटक्याझटक्याने येते आणि एकाच दुपारी ते कितीतरी पटींनी वर-खाली होऊ शकते. त्यामुळे आठ वाईट आणि पंधरा चांगले, अशी तुलना करता येत नाही.

एएमएच, थायरॉईडसाठीचे टीएसएच आणि दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन यांना पाळीचा दिवस लागत नाही. प्रोलॅक्टिनसाठी मात्र झोपेतून उठून दोन-तीन तास झालेले असावेत आणि बाई शांत बसलेली असावी. पहाटेच्या एसटीने धक्के खात येऊन लगेच सुई टोचली तर ते थोडे वाढलेले दिसू शकते. अशा किंचित वाढीवर गोळी देण्याआधी पुन्हा तपासावे. केसांसाठी बायोटिनच्या जास्त मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर अनेक यंत्रांवर टीएसएच खोटे कमी आणि प्रोजेस्टेरॉन खोटे जास्त येऊ शकते. त्या किमान दोन दिवस आधी थांबवतात.

महालक्ष्म्यांच्या सणाला किंवा तुळजापूरच्या नवरात्राला पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली असेल, तर त्या महिन्याची मोजणी सोडून द्यावी. गोळी एफएसएच आणि एलएच दोन्ही दाबते, आणि ती बंद केल्यावर येणारा रक्तस्राव तिच्या स्वतःच्या चक्राचा नसतो. ही गोळी बाया दुकानातून परस्पर घेतात, त्यामुळे विचारल्याशिवाय ते कळत नाही.

एएमएच लहान पुटकांमध्ये बनते. त्यावरून अंड्यांचा साठा आणि टेस्ट ट्यूब बेबीच्या इंजेक्शनांना मिळणारा प्रतिसाद यांचा अंदाज येतो. अंड्यांचा दर्जा मात्र कळत नाही. एएमएच कमी आहे म्हणून पाळी नियमित असलेल्या बाईला आपोआप दिवस राहणार नाहीत, असेही त्यावरून म्हणता येत नाही. गर्भनलिका मोकळ्या आहेत का आणि नवऱ्याचे वीर्य कसे आहे, हे तर यांतली कोणतीच तपासणी सांगत नाही. तरीही पाच-सहा हजारांच्या तपासण्या बाईच्या होतात आणि काही शेकड्यांची वीर्यतपासणी मागे राहते. हा क्रम बदलायला हवा.

ऊसतोडीला जाणाऱ्या ज्या बायांची गर्भाशये काढली गेली, त्यांच्या बाबतीत दिवस मोजण्याची सोयच उरत नाही. अशा शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी 2019 मध्ये बीड जिल्ह्याकरिता राज्य शासनाला समिती नेमावी लागली होती. पिशवी काढली पण अंडाशये ठेवली, तर चक्र आत चालूच राहते, बाहेर मात्र खूण दिसत नाही. अंडे फुटण्याच्या सुमारास रक्त घेतले गेले तर एफएसएच वाढलेले दिसते आणि पस्तिशीच्या बाईला ‘पाळी गेली’ असे सांगितले जाण्याचा धोका असतो. तिच्यासाठी एफएसएच आणि इस्ट्रॅडिऑल चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करतात. दोन्ही वेळा एफएसएच पंचविसाच्या वर आणि इस्ट्रॅडिऑल कमी असेल, तरच अंडाशये थकली असे म्हणतात. अंडाशयेही काढली असतील तर एफएसएच वाढलेलेच येणार. तिथे तपासणीचा खर्च करण्यापेक्षा अंगातून निघणाऱ्या वाफा, झोप आणि हाडांची दुखणी विचारून उपचार ठरवावेत.