साठा, गाड्या, माणसं: कंपनीला पाठवायच्या पत्रात लष्करातलं काम कसं मांडावं
(सैन्यदलातून बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि खानापूर, चंदगड, गडहिंग्लज भागातल्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या फौजी आहेत. त्यामुळे आपल्याकडे क्वार्टरमास्टर किंवा ॲडज्युटंट म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. तुमचं पत्र ज्याच्या टेबलावर जातं, त्याला मात्र हे माहीत असेलच असं नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, हत्तरगीच्या विमानभागांच्या कारखान्यात, गोकुळ शिरगावात किंवा चाकणला बसलेला एचआरचा माणूस एका रिकाम्या जागेसाठी पन्नास-साठ अर्ज चाळत असतो. जागा असते ऑपरेशन्स मॅनेजरची, स्टोअर्स आणि डिस्पॅचच्या प्रमुखाची किंवा प्लांट ॲडमिनची. त्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं: या माणसाच्या हातून किती काम गेलं, अडचण काय होती, आणि कुठला निर्णय त्यानं स्वतः घेतला.

अधिकाऱ्यांना अशी पत्रं लिहून देण्याचं काम आम्ही करतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत या तिन्हींपैकी एकही गोष्ट नसते. हुद्दा असतो, बदल्यांची यादी असते, कोर्सेस असतात, आणि शेवटी 'नेतृत्व व शिस्त' असतं. हे सगळं खरं असतं, पण त्यावरून कुणाला मुलाखतीला बोलवावं हे ठरत नाही. म्हणून आम्ही अख्ख्या सेवेचा गोषवारा लिहायला घेत नाही. एकच काम निवडतो, बहुधा एखाद्या नेमणुकीतला एक हंगाम, आणि पत्राचा मधला परिच्छेद त्यावर उभा करतो.

नमुन्याचं एक काम

इन्फंट्री बटालियनमध्ये क्वार्टरमास्टर राहिलेले एक मेजर डोळ्यांसमोर आणा. त्यांच्या बायोडेटात ओळ अशी असते: 'उंच पर्वतीय क्षेत्रात क्वार्टरमास्टर म्हणून नेमणूक. ए.डब्ल्यू.एस., रेशन, क्लोदिंग व एम.टी.ची जबाबदारी. ब्रिगेड कमांडरकडून प्रशंसा.' फौजीला यातून सगळं कळतं. फाउंड्रीच्या मालकाला यातून 'जबाबदारी' या शब्दापलीकडे काही कळत नाही.

त्या ओळीमागचं काम आता उघडून बघू. ए.डब्ल्यू.एस. म्हणजे हिवाळ्याआधीची साठवण. बर्फ पडलं की रस्ता बंद होतो, आणि तो उघडेपर्यंत लागणारा सगळा माल त्याआधी वर पोचलेला असावा लागतो. समजण्यापुरते आकडे घेऊ. चौकीवर 40 माणसं, रस्ता 150 दिवस बंद. म्हणजे 6000 माणूस-दिवसांचं रेशन. वर 10 टक्के राखीव धरला की 6600. माणशी रोज 2 किलो माल धरला तर 13,200 किलो. शेवटच्या टप्प्याला गाडी जात नाही, खेचरं जातात. एका खेचरावर 60 किलो धरले तर 220 फेऱ्या. दहा खेचरं रोज एक फेरी करतील तर 22 दिवस. पण हवामानामुळे बरेच दिवस वाया जाणार, म्हणून काम पाच आठवडे आधी सुरू करायचं. त्याच्याही आधी माल खालच्या डेपोत आलेला हवा, म्हणून मागणी त्याच्याही आधी गेलेली हवी.

हे मेजर रस्ता बंद होण्याच्या तारखेपासून मागे मोजत आले, टप्प्याटप्प्याला तारीख ठरवली आणि कुठे किती राखीव ठेवायचा ते पक्कं केलं. कारखान्यात ग्राहकाची डिलिव्हरीची तारीख धरून कच्चा माल, मशीनिंग आणि पॅकिंगच्या तारखा अशाच मागे मोजत लावतात. फरक असलाच तर एवढा, की वर चौकीत काही कमी पडलं तर महागड्या कुरिअरनं मागवायची सोय नसते. त्यामुळे त्यांच्या साठ्याच्या हिशेबाला वजन आहे, आणि हे वजन पत्रात दिसायला हवं.

गाड्यांचंही तसंच. बायोडेटातल्या 'एम.टी.' या दोन अक्षरांमागे काय आहे ते आम्ही विचारतो: दहा गाड्यांपैकी सकाळी किती चालू स्थितीत असायच्या? समजा उत्तर आलं, सुरुवातीला सात, वर्षानं नऊ. मग पुढचा प्रश्न येतो, कशामुळे? बऱ्याच वेळा उत्तर साधं असतं. गाडी बंद पडल्यावर सुट्या भागाची मागणी जायची आणि भाग येईपर्यंत गाडी उभी राहायची. यांनी किलोमीटरचा हिशेब ठेवून क्लच प्लेट, फिल्टर, बॅटरी असे झिजणारे भाग आधीच मागवून ठेवले. उद्यमबागेतल्या कुठल्याही मेंटेनन्सवाल्याला हे लगेच पटतं, कारण त्याच्याकडे मशीन नेमकी अशीच उभी राहते.

आता त्या ओळीच्या जागी हा परिच्छेद येतो. पत्र बहुधा इंग्रजीतच जातं, पण मजकूर आधी मराठीत नीट बसवला की इंग्रजीत संक्षेपाक्षरं घुसत नाहीत:

'पाच महिने रस्ता बंद राहणाऱ्या दुर्गम ठिकाणांसाठी साठ्याचं नियोजन, वाहतूक आणि साठवण दोन हंगाम माझ्याकडे होती. मागणी, टप्प्यांच्या तारखा आणि राखीव साठा मी ठरवत असे. खरेदीचे दर आणि मंजुरी वरिष्ठ कार्यालयाकडे होती. दोन्ही हंगामांत एकाही ठिकाणी आवश्यक वस्तूंचा तुटवडा पडला नाही. याच काळात वाहनांची उपलब्धता 70 टक्क्यांवरून 90 टक्क्यांवर नेली. त्यासाठी झिजणाऱ्या सुट्या भागांची मागणी किलोमीटरच्या नोंदीवरून आधी करण्याची पद्धत लावली. माझ्या हाताखाली स्टोअर्स, स्वयंपाकघर आणि वाहन विभागाचे तीन पर्यवेक्षक होते.'

यातलं 'खरेदीचे दर आणि मंजुरी वरिष्ठ कार्यालयाकडे होती' हे वाक्य आम्ही मुद्दाम ठेवतो. पुष्कळ अधिकारी ते काढायला सांगतात, त्यांना वाटतं कमीपणा येतो. पण मुलाखतीत पहिला खोल प्रश्न तिथेच येतो: 'व्हेंडरशी दर कुणी ठरवला?' पत्रात सगळं आपल्याच नावावर घेतलेलं असलं, तर उत्तर देताना माणूस अडखळतो, आणि मग खरी असलेली 90 टक्क्यांची गोष्टसुद्धा संशयात येते.

जे लष्करात नसतं

फौजी सेवेत तीन गोष्टी सहसा हातात येत नाहीत: नफा-तोट्याची जबाबदारी, पैसे देणारा ग्राहक, आणि युनियन किंवा कंत्राटी कामगारांशी वाटाघाट. सरकारी तरतुदीतला पैसा वेळेत आणि नियमात खर्च करणं हे मोठं काम आहे, पण कास्टिंगचा किलोमागे खर्च दोन रुपयांनी कमी करणं हे वेगळं काम आहे. पत्रात 'बजेट सांभाळलं' असं लिहू नका. 'मंजूर तरतुदीतून खर्च आणि हिशेब सांभाळला' असं लिहा. कंपनीला उरलेलं शिकवावं लागेल हे तिला कळू द्या, आणि तुम्ही ते कुठून शिकायला सुरुवात केली आहे तेही लिहा. निवृत्तीआधी पुनर्वसन महासंचालनालयाचा व्यवस्थापनाचा कोर्स केला असेल तर त्यातला कॉस्टिंगचा एखादा प्रकल्प इथे कामाला येतो. नुसतं कोर्सचं नाव येत नाही.

'मेजर म्हणजे कंपनीत कोणतं पद?' हा प्रश्न आम्हाला सतत विचारला जातो. याचं ठरलेलं उत्तर नाही, आणि असं समीकरण पत्रात मांडलं तर नुकसानच होतं. कंपनी पद ठरवते ते हाताखाली किती माणसं, मध्ये पर्यवेक्षकांचे किती थर आणि किती किमतीचा माल यावरून. 'शंभर जवानांचं नेतृत्व' वाचून एचआरला गर्दी दिसते. त्याऐवजी सुभेदार आणि हवालदारांमार्फत काम कसं चालवलं ते सांगा: सकाळी काम कसं वाटलं जायचं, रजेमुळे माणूस कमी झाला की कोण भरून काढायचं, चूक कुणाच्या नजरेत आधी यायची. शिफ्ट सुपरवायझर सांभाळणाऱ्या प्लांटला नेमकं हेच हवं असतं.

काय लिहायचं नाही

शासकीय गोपनीयता कायदा, 1923 निवृत्तीनंतरही लागू राहतो. युनिटचं नाव, जागा आणि वर्ष एकाच वाक्यात आणू नका. नेमकी संख्या, शस्त्रसामग्रीची नावं, रस्त्यांचे टप्पे लिहू नका. वरच्या परिच्छेदात बघा: जागा नाही, संख्या नाही, तरी काम पूर्ण दिसतं. टक्केवारी आणि 'दहातल्या नऊ' असं प्रमाण यासाठीच उपयोगी पडतं. मुलाखतीत कुणी फारच खोदून विचारलं तर 'त्या तपशिलात मला जाता येत नाही' एवढं शांतपणे सांगा. समजूतदार कंपनी त्याचा आदरच करते.

आकडा आठवत नसेल तर लिहू नका. अंदाजाचा आकडा दुसऱ्या फेरीत वेगळा निघतो, आणि समोरच्याच्या हातातल्या कागदावर तुमचा पहिला आकडा असतो.

तारीख आणि पगार

पत्राच्या पहिल्या तीन ओळींत, कुठल्या तारखेपासून रुजू होऊ शकता ते असायला हवं. रिलीज मंजूर झाला असेल तर तारीख लिहा. झाला नसेल तर 'मंजुरी प्रलंबित' असं स्पष्ट लिहा. मनानं तारीख देऊन पुढे ढकलावी लागली की जागा जातेच, आणि त्या भरती करणाऱ्याकडे पुन्हा जाणंही अवघड होतं.

पगाराचा आकडा पहिल्या पत्रात टाळा. विचारतील तेव्हा लक्षात ठेवा, कंपनीच्या सीटीसीत तिचा भविष्यनिर्वाह निधीतला वाटा धरलेला असतो, बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीही. त्यामुळे सीटीसीला बाराने भागून हातात येणारी रक्कम निघत नाही. सरकारी घर, रेशन आणि कँटीन यांची किंमत तुमच्या बाजूला मोजून मगच तुलना करा. 'तुम्हाला पेन्शन आहेच' असं म्हणून कुणी पगार कमी करू पाहिला, तर पेन्शन ही झालेल्या सेवेची आहे आणि पगार या कामाचा, असं सांगण्यात संकोच करू नका. शॉर्ट सर्व्हिस कमिशनच्या अधिकाऱ्यांना पेन्शन नसते, हे भरती करणाऱ्या बऱ्याच लोकांना माहीत नसतं. विषय निघाला तर सांगून टाका.

आमच्याकडे येताना

आम्ही दोघं हे काम करतो. एकानं सैन्यात स्टोअर्स सांभाळली, दुसऱ्यानं कारखान्यात भरती केली. पहिल्या बैठकीला दीड-दोन तास लागतात आणि त्यात आम्ही फक्त विचारतो. ज्या जागेसाठी अर्ज करायचा तिची जाहिरात सोबत आणा; जागा ठरलेली नसली तर आम्ही पत्र लिहायला घेत नाही, कारण स्टोअर्सच्या जागेसाठीचा परिच्छेद प्लांट ॲडमिनला चालत नाही. नेमणुकांची यादी आठवणीनं कागदावर उतरवून आणा. युनिटचे कागद, आदेशांच्या प्रती किंवा गोपनीय अहवाल आणू नका, आम्ही ते पाहत नाही. नोकरी मिळवून देण्याची हमी आम्ही देत नाही, कंपन्यांकडून कमिशन घेत नाही. पहिल्या बैठकीची फी नाही. पत्राची फी मजकूर तुम्हाला पसंत पडल्यावर घेतो.