पित्त, जंत की अर्धशिशी? मुलांच्या येऊन-जाऊन होणाऱ्या पोटदुखीची पार्श्वभूमी

आपल्याकडे डोकं दुखून उलटी झाली की घरातलं कोणीतरी म्हणतंच, 'पित्त झालंय'. उलटीत शेवटी पिवळं-हिरवं कडू पाणी पडतं आणि ते पडलं की माणसाला बरं वाटतं, त्यामुळे दोष त्या पाण्याचाच असणार असं वाटतं. इंग्रजांचंही असंच होतं. त्यांच्याकडे अशा दुखण्याला 'बिलियस अटॅक' म्हणत, म्हणजे शब्दशः पित्ताचा झटका. प्रत्यक्षात पोट पूर्ण रिकामं झाल्यावरही उमाळे थांबले नाहीत, की आतड्यातलं पित्त उलटं वर येतं. ते उलटीचा परिणाम असतं, कारण नव्हे. मुलांच्या एका विशिष्ट आजाराला, म्हणजे डोक्याऐवजी पोटात येणाऱ्या अर्धशिशीला, हा पडदा बाजूला सारून बाहेर यायला शंभराहून अधिक वर्षं लागली.

सॅम्युएल जी हे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले डॉक्टर. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या सीलिअॅक रोगाच्या वर्णनामुळे त्यांचं नाव आजही घेतलं जातं. त्याआधी, 1882 मध्ये, त्यांनी उलट्यांच्या झटक्यांवर एक छोटा लेख लिहिला होता. चार ते आठ वर्षं वयाची नऊ मुलं त्यांनी पाहिली होती. कसलीच पूर्वसूचना नसताना या मुलांना उलट्या सुरू होत, काही तास किंवा काही दिवस चालत, मूल गळून जाई आणि मग सगळं थांबे. दोन झटक्यांमधला काळ किती असेल याचा नेम नसे, पण त्या काळात आजाराचं एकही चिन्ह दिसत नसे. जींच्या लेखातली मला सर्वांत मोलाची वाटते ती ही शेवटची नोंद. पोटात खरोखर काही बिघडलेलं असेल तर ते मधल्या दिवसांतही कुठेतरी डोकावतं: वजन वाढत नाही, भूक मरते, शौचाची तक्रार राहते. ही मुलं मात्र दोन झटक्यांच्या मध्ये ठणठणीत असत.

पुढच्या पन्नासेक वर्षांत या नोंदीवर दोन दिशांनी विचार झाला. झटक्यात मुलांच्या श्वासाला अॅसिटोनचा गोडसर वास येतो हे लक्षात आल्यावर काही डॉक्टरांनी रक्तातल्या आम्लतेलाच आजार मानलं. उपाशी राहिलेल्या कुठल्याही मुलाच्या शरीरात चरबी जळू लागते आणि अॅसिटोन तयार होतं, म्हणजे इथेही पित्तासारखीच परिणामाला कारण समजण्याची चूक झाली. दुसऱ्या दिशेच्या डॉक्टरांना या मुलांच्या घरात अर्धशिशीचे रुग्ण सापडत होते. 1921 आणि 1922 मध्ये अमेरिकेत पोटाच्या अर्धशिशीवर स्वतंत्र लेख आले. 1933 मध्ये वायली आणि श्लेसिंजर यांनी ठरावीक काळाने येणाऱ्या उलट्या, पोटदुखी, डोकेदुखी आणि ताप यांना एकत्र बांधून मुलांच्या 'नियतकालिक' विकारांचा गट मांडला.

मग दिशा बदलली. इंग्लंडातल्या ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अॅप्ली यांनी नेश यांच्यासोबत 1958 मध्ये हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निदान तीन महिन्यांत तीन वेळा, रोजचं वागणं अडेल इतकं पोट दुखणं, ही त्यांची व्याख्या. साधारण दर दहा मुलांमागे एकाला ती लागू पडली आणि त्यातल्या बहुसंख्य मुलांच्या पोटात शारीरिक दोष मिळाला नाही. दुखणं बेंबीपासून जितकं दूर, तितकी शारीरिक कारणाची शक्यता जास्त, हा अॅप्लींचा नियम आजही शिकवला जातो. पण दोष सापडत नाही म्हटल्यावर बोट मुलाच्या मनाकडे आणि घरातल्या ताणाकडे वळलं. अॅप्लींचं काम मोठंच आहे. तरी 'वारंवार पोट दुखणारी मुलं' अशी एकच मोठी पेटी तयार झाल्यावर, अगदी ठळक वेगळी असलेली मुलंही त्या पेटीत हरवली, असं मला वाटतं. आपल्याकडे 'शाळा बुडवायची नाटकं' हे वाक्य ज्या मुलांच्या वाट्याला येतं, त्यांतली काही मुलं याच हरवलेल्यांपैकी असतात.

ती मुलं पुन्हा वेगळी काढली गेली स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनमध्ये. 1986 मध्ये डेव्हिड सायमन आणि जॉर्ज रसेल यांनी पोटाच्या अर्धशिशीची लक्षणं नेमकी मांडली. 1995 मध्ये इशाक अबू-अराफे आणि रसेल यांनी शहरातल्या 5 ते 15 वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. पालकांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि ज्या मुलांना वर्षभरात जबर त्रास झाला होता त्यांना बोलावून तपासलं. 4.1 टक्के मुलांना पोटाची अर्धशिशी होती, तर नेहमीची डोक्याची अर्धशिशी 10.6 टक्क्यांना. जींनी पाहिल्या तशा, झटक्यांनी येणाऱ्या 'चक्रीय उलट्यां'चं प्रमाण 1.9 टक्के निघालं. आकड्यांपेक्षाही पटण्यासारखं होतं ते साम्य. झटका सुरू होताना चेहरा पांढराफटक पडणं, प्रखर उजेड नको वाटणं, जागरण, उपास किंवा प्रवास यांनी झटका ओढवणं, आणि झोप लागली की सुटका होणं या गोष्टी पोटवाल्या आणि डोकेवाल्या मुलांत सारख्याच होत्या.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते एका काल्पनिक मुलीवरून पाहू. तिचा प्रवास आपल्याकडच्या अनेक घरांना ओळखीचा वाटेल. वय सात. 12 जूनला सकाळी उठताच ती बेंबीवर हात ठेवून रडू लागते. नेमकं कुठे दुखतं विचारलं तर पोटावर पंजा फिरवते. ओठ पांढरे, डोळ्यांखाली काळं, दुधाचा पेला समोरही नको. दोन उलट्या होतात, ती पडद्यामागे अंधारात जाऊन झोपते आणि दुपारी उठून वरणभात मागते. दुखणं सहा तासांचं. पुढचा झटका 20 जुलैचा, आणि घरच्यांनी जंताचं औषध दिलं. बरं वाटलं. 5 सप्टेंबरला तिसरा. या वेळी सोनोग्राफी झाली आणि अहवालात आतड्याच्या पडद्यातल्या लहान गाठी आल्या. अशा गाठी निरोगी मुलांतही सर्रास दिसतात, पण प्रतिजैविक सुरू झालं. पुन्हा बरं वाटलं. 9 ऑक्टोबरला चौथा, 21 नोव्हेंबरला पाचवा.

आपोआप थांबणाऱ्या आजारात शेवटी दिलेल्या औषधाला श्रेय मिळतं. जंताचं औषध, प्रतिजैविक, दृष्ट काढणं, सगळ्यांनी 'गुण' दिला. फक्त पुढचा झटका कोणी थांबवला नाही. या पाच तारखा एका कागदावर, वेळ, तास आणि चेहऱ्याचा रंग यांसह आल्या की चित्र बदलतं. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार पोटाच्या अर्धशिशीसाठी असे निदान पाच झटके लागतात. दुखणं पोटाच्या मधोमध किंवा बेंबीभोवती, बोथट, मध्यम ते तीव्र आणि 2 ते 72 तास टिकणारं असावं. सोबत भूक जाणं, मळमळ, उलटी आणि पांढरं पडणं यांपैकी दोन तरी गोष्टी हव्यात. मध्ये मूल पूर्ण बरं असावं आणि दुसरा आजार नसावा. ही मुलगी त्यात बसते. तिच्या आईला कॉलेजपासून 'पित्ताचं डोकं' आहे, ही माहिती मात्र पाचव्या झटक्यापर्यंत कोणी विचारलीच नव्हती.

चक्रीय उलट्यांत हाच धागा आहे, फक्त भर उलट्यांवर. भरात असताना तासाला निदान चार उलट्या, झटका तासाभरापासून दहा दिवसांपर्यंत, आणि दोन झटक्यांत किमान आठवड्याचं अंतर. बऱ्याच मुलांत तो पहाटे सुरू होतो आणि प्रत्येक झटका मागच्याची नक्कल असतो. या मुलांना पाणी आणि साखर कमी पडल्याने सलाइन लागू शकतं.

'दुसरा आजार नसावा' हे शब्द मात्र हलक्याने घ्यायचे नाहीत. हिरवी उलटी आतड्याला पीळ बसल्यानेही होते. जन्मतः आतडं नीट वळलेलं नसेल तर असा पीळ येतो आणि सुटतो. त्यामुळे मधले दिवस ठणठणीत असतात आणि पुढचा पीळ जिवावर बेततो. म्हणून वारंवार हिरव्या उलट्या होणाऱ्या मुलाची एकदा तरी एक्स-रेत दिसणारं औषध पाजून पोटाची एक्स-रे तपासणी करतात. मूत्रपिंडाच्या तोंडाशी अडथळा असेल तर त्याची सूज कधी कधी फक्त दुखत असतानाच सोनोग्राफीत दिसते, म्हणून बऱ्या दिवशी काढलेला स्वच्छ अहवाल पुरेसा नसतो. दुखणं एका बाजूला असणं, त्याने रात्री झोपेतून जाग येणं, वजन घटणं, शौचात रक्त, उलट्यांसोबत तोल जाणं किंवा मूल गुंगीत जाणं, यांतलं काही असेल तर अर्धशिशीचा विचार बाजूला ठेवून आधी शोध घ्यावा लागतो.

उपचारांचा पुरावा तोकडा आहे. पिझोटिफेन हे अर्धशिशीचं औषध पोटाच्या अर्धशिशीत उपयोगी पडतं हे सायमन आणि रसेल यांनी 1995 मध्ये दाखवलं, पण अवघ्या 14 मुलांत. त्याच जातकुळीचं सायप्रोहेप्टाडिन आपल्याकडे भूक वाढवणारं सिरप म्हणून ओळखलं जातं. चक्रीय उलट्यांत ते पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रतिबंधक म्हणून देतात, त्याहून मोठ्या मुलांना अॅमिट्रिप्टिलिन. झटके क्वचित येत असतील तर रोजचं औषध लागतही नाही. वेळेवर जेवण आणि झोप, आणि चेहरा उतरू लागताच दुखण्याचं औषध व अंधारी खोली, एवढ्यावर अनेकांचं भागतं.

पण ही खरोखर अर्धशिशी आहे का? सर्वांत जोरदार उत्तर मुलांना मोठं होऊ देऊन मिळालं. अॅबरडीनमधल्या 54 मुलांना काही वर्षांनी पुन्हा गाठण्यात आलं आणि 2001 मध्ये निष्कर्ष आले. सुमारे 60 टक्क्यांची पोटदुखी थांबली होती. मात्र 70 टक्के मुलांना आता किंवा मधल्या काळात अर्धशिशीची डोकेदुखी झालेली होती. तुलनेसाठी घेतलेल्या मुलांत हे प्रमाण 20 टक्के होतं. म्हणजे अनेकांचा आजार बरा झाला नव्हता, त्याने जागा बदलली होती.

तरीही वर्गीकरण करणाऱ्यांनी घाई केली नाही. डोकेदुखीच्या त्या वर्गीकरणाच्या 1988 च्या पहिल्या आवृत्तीत पोटाची अर्धशिशी आणि चक्रीय उलट्या या दोन्ही विकारांना जागा नव्हती. 2004 मध्ये त्यांना 'सहसा अर्धशिशीच्या आधी येणारे बालपणीचे नियतकालिक विकार' म्हणून घेतलं. 2018 च्या आवृत्तीत त्या नावातले 'बालपणीचे' आणि 'आधी येणारे' हे दोन्ही शब्द वगळले, कारण असे झटके प्रौढांतही आढळतात आणि प्रत्येक मुलाला पुढे डोकेदुखी होतेच असं नाही. आता नाव आहे 'अर्धशिशीशी संबंध असू शकणारे झटक्यांचे विकार'. रक्ताची, एंडोस्कोपीची किंवा मेंदूच्या चित्राची कोणतीही तपासणी आजही हे निदान पक्कं करून देत नाही. ते ठरतं तारखांच्या त्या कागदावरून आणि आईला विचारलेल्या त्या एका प्रश्नावरून.