ओल्या, तेलकट बोटांना उघडणारं हँडल

पोह्यांसाठी तेल तापलंय, मोहरी तडतडायला लागलीय, बोटांना चिरलेल्या कांद्याचं पाणी आणि तेलाचा ओशटपणा आहे, आणि हळदीचा डबा नेमका खालच्या ट्रॉलीत राहिलाय. किचनचं हँडल उघडायचं ते अशा हातांनी. आपण मात्र ते दुकानात, फळीवर मांडलेल्या नमुन्यांवरून कोरडी बोटं फिरवून निवडतो. कोरड्या बोटांना सगळीच हँडलं चांगली वाटतात.

फरक कुठे पडतो ते आधी एका साध्या नॉबवर पाहू. गुळगुळीत, सरळ बाजूंचा, नाण्यासारखा गोल नॉब घ्या. तो ओढताना आपण अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरतो, आणि त्याला आपल्याबरोबर पुढे आणायचं सगळं काम घर्षण करतं. समजा, ड्रॉवर उघडायला दोन किलो वजनाएवढी ओढ लागते. बोटं कोरडी असतील आणि घर्षणाचा गुणांक 0.5 धरला, तर दोन्ही बाजूंनी दोन-दोन किलोचा दाब पुरतो. बोटांना साबणाचं पाणी लागलं आणि गुणांक 0.15 वर आला, की त्याच ओढीसाठी जवळजवळ पावणेसात किलोचा दाब द्यावा लागतो. साठी-सत्तरीतल्या बाईच्या चिमटीत साधारण चार-पाच किलोचाच जोर असतो, सांधे दुखत असतील तर त्याहून कमी. म्हणजे ड्रॉवर बिघडलेला नसतानाही तो आजींना उघडत नाही.

आता इंग्रजी ‘डी’च्या आकाराचं हँडल घ्या. त्याच्यामागे चार बोटं आकड्यासारखी अडकतात. ओढ बोटांच्या आतल्या बाजूवर सरळ येते, घर्षणाला काही काम उरत नाही. बोटं तेलात बुडवून आणली तरी हँडल सुटणार नाही. शिवाय चिमटीचा जोर मुठीच्या जोराच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढाच असतो, त्यामुळे जड खणासाठी हा फरक आणखी मोठा होतो.

नॉब हवाच असेल तर अळंबीच्या आकाराचा घ्यावा, म्हणजे डोकं रुंद आणि मान बारीक. डोकं 30 मिलिमीटर आणि मान 12 ते 15 मिलिमीटर असली की बोटांची टोकं डोक्यामागे अडकतात आणि नॉबसुद्धा थोडाफार आकड्यासारखा वागतो. आजकाल नॉबवर बारीक खाचांची जाळी कोरलेली मिळते, ती पकडीसाठीच असते आणि कोरड्या हाताला उत्तम लागते. पण कणकेच्या हाताने दोन महिने वापरली की त्या खाचांत पीठ आणि तेलाचं करडं लुकण बसतं. मग खाचाही बुजतात आणि पकडही जाते. पकड पृष्ठभागाच्या खरखरीवर सोडली की स्वच्छता हातची जाते. ती आकारातून मिळवली, तर पृष्ठभाग गुळगुळीत ठेवता येतो. माझ्या मते हँडल निवडताना हा एक मुद्दा धरून चालावं, शैली त्याच्यामागून येऊ द्यावी.

हे लुकण साध्या साबणाला का दाद देत नाही, तेही पाहण्यासारखं आहे. फोडणीत ओला कढीपत्ता पडला की त्यातल्या पाण्याची झटक्यात वाफ होते आणि ती तेलाचे बारीक थेंब उडवते. मोठे थेंब ओट्यावर पडतात, अगदी बारीक असतात ते धुरासारखे तरंगत चिमणीच्या आजूबाजूच्या शटरवर जाऊन बसतात. माळव्यात सोयाबीनचं तेल घरोघरी. त्यात लिनोलेइक आम्लाचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो, आणि अशी तेलं पातळ थरात हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू एकमेकांत गुंफली जातात. जवसाचं तेल लाकडावर सुकून कडक होतं त्याचाच हा मंद प्रकार. आज उडालेला थेंब भांड्यांच्या साबणाने जातो, पण महिन्या-दोन महिन्यांनी तिथे साधं तेल उरलेलं नसतं, पिवळट चिकट पापुद्रा झालेला असतो.

मग लोक गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासतात. पापुद्रा निघतो, पण हँडल ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचं असेल तर त्याच्यावरचा ऑक्साइडचा संरक्षक थरही अल्कलीत विरघळायला लागतो आणि पांढुरके डाग कायमचे राहतात. पितळी रंगाच्या हँडलवर उलट चूक होते. त्याला देवाच्या भांड्यांसारखी चिंच लावली जाते. अशा हँडलवर बहुधा पारदर्शक लॅकर असतं. जिथे ओरखडा असेल तिथून आम्ल आत शिरतं, आणि चमकदार ठिपका व आजूबाजूला काळपट कडा अशी चट्ट्यापट्ट्यांची नक्षी तयार होते. या दोन्ही हँडलांना कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि मऊ फडकं एवढंच लावावं, मात्र आठवड्याला, पापुद्रा जमायच्या आत.

स्टेनलेस स्टील सोडा आणि साबण दोन्ही सोसतं, त्यामुळे सिंकजवळ आणि गॅसजवळ मी तेच सुचवीन. पण त्यातही 304 आणि 202 असे दोन प्रकार बाजारात सर्रास मिळतात. 202 मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, आणि ओलाव्यात त्यावर तपकिरी ठिपके लवकर येतात. दुकानदार लोहचुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे 304’ असं दाखवतात. ही परीक्षा फसवी आहे, कारण 202 लाही चुंबक फारसं चिकटत नाही. मँगनीज ओळखणाऱ्या रसायनाचा थेंब टाकून फरक कळतो, किंवा बिलावर 304 असं लिहून घ्यावं. आणि 304 झालं तरी सिंकखालच्या कपाटात ॲसिडची किंवा ब्लीचची बाटली सैल झाकणाने ठेवली, तर तिच्या वाफांनी आतले स्क्रू आणि बाहेरचं हँडल दोन्ही गंजतात.

आता इंदूरच्या एखाद्या फ्लॅटमधलं नेहमीचं एल आकाराचं किचन घेऊन हिशेब करू. गॅसखाली 90 सेंटिमीटर रुंदीचे तीन खण, त्यांच्या बाजूला तेलाच्या बाटल्यांची 20 सेंटिमीटरची पुलआउट, सिंकखाली 45-45 ची दोन शटरं, आणि वर सहा शटरं, मधोमध चिमणी.

खालच्या खणात कुकर, कढया मिळून तीस किलो सहज भरतात. खण ज्यावर सरकतो ते चॅनेल सॉफ्ट-क्लोज असेल तर उघडतानाचा पहिला टप्पा जड लागतो, कारण खण आत ओढून घेणारी स्प्रिंग आपल्याला ताणावी लागते. तेवढं पार झालं की खण हलका चालतो. म्हणजे सगळा जोर सुरुवातीला, आणि तो मध्यावर लागायला हवा. 90 च्या खणाला दोन टोकांना दोन नॉब लावले की माणूस घाईत एकच ओढतो, खण तिरका होतो आणि चॅनेल लवकर खिळखिळं होतं. इथे मध्यभागी एकच हँडल घ्यावं, दोन भोकांतलं अंतर 320 मिलिमीटर. खणाच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासचं हँडल डोळ्यालाही बरं दिसतं.

दांडी 10 ते 12 मिलिमीटर जाड, आणि दांडी व शटर यांच्यात मोकळी जागा निदान 28 ते 30 मिलिमीटर. दुकानात हे मोजायला पट्टी लागत नाही. दोन बोटांभोवती ओला रुमाल गुंडाळा आणि हँडलमागून आरपार फिरवा. अडकला, तर घरी फडकंही अडकेल आणि तिथेच पापुद्रा वाढेल. हँडलची टोकं पायांच्या बाहेर काढलेली असतील, तर पदर, ओढणी आणि कुर्त्याचा खिसा त्यात हमखास अडकतो, म्हणून वळून शटरला मिळणारी टोकं बरी.

सिंकच्या शटरांना त्याच घराण्यातली 160 मिलिमीटरची हँडलं उभी लावावीत, बिजागरीच्या विरुद्ध कडेपासून चार-पाच सेंटिमीटरवर. 45 च्या शटरला तेव्हा 40 सेंटिमीटरची तरफ मिळते. दिसायला छान म्हणून तेच हँडल शटरच्या मध्यावर आणलं, तर तरफ निम्मी होते आणि जोर दुप्पट लागतो. पुलआउटलाही 160 चंच, उभं.

वरच्या सहांपैकी चार शटरांना हँडल नको. शटर पेटीच्या तळाखाली 20 मिलिमीटर उतरवलं की खालची कडच बोटांना मिळते आणि घासायला काही उरत नाही. चिमणीच्या दोन्ही बाजूंच्या शटरांना मात्र हँडल असू द्यावं. तिथली कड सतत तेलकट आणि गरम राहते, आणि रोज बोटं लागून तिच्यावरची पट्टी सुटायला लागते.

हँडलच नको म्हणून हल्ली गोला प्रोफाइल मागतात, म्हणजे ओट्याखाली आडवी ॲल्युमिनियमची पन्हाळ. पकडीत तो वाईट नाही, बोटं कडेमागे अडकतातच, पदरही अडकत नाही. पण ओट्यावरून सांडलेलं पाणी, पीठ आणि पोह्यांवरचं जीरावन थेट त्या पन्हाळीत उतरतं, आणि ती घासायला दात घासायच्या ब्रशशिवाय काही पोचत नाही. पोळ्या ज्या बाजूला लाटतात तिथे तो घेऊ नये. उलट दिवाणखान्याला लागून असलेल्या क्रॉकरीच्या कपाटाला खुशाल घ्यावा.

एलच्या कोपऱ्यावर एक ठरलेली चूक होते. खण उघडताना तो शेजारच्या काटकोनातल्या शटरच्या हँडलला जाऊन आपटतो. शटरची जाडी 20 आणि हँडलची उंची 40 धरली, तर कोपऱ्यात 60 मिलिमीटर अडतात. म्हणून तिथे निदान 75 ची पट्टी सोडायला सुताराला आधीच सांगावं, नंतर ती घालायला जागा नसते.

भोकांची अंतरं 96, 128, 160, 192, 320 अशी 32 च्या पटीत असतात. त्यातलंच एक घेतलं की दहा वर्षांनी काळ्या हँडलांचा कंटाळा आला, तर त्याच भोकांत दुसरी बसतात. काळ्याचं म्हणाल तर पावडर कोटिंगवर पिठाची बोटं पटकन दिसतात आणि कडेला टवका उडाला की आतला पांढरा धातू डोकावतो. चकचकीत क्रोमवर पाण्याचे डाग दिसतात. घासलेल्या पोताचं, मंद चमकेचं स्टील दोन्ही लपवतं.

स्क्रू बहुतेक एम4 मापाचा असतो, त्यासाठी 5 मिलिमीटरचं भोक पाडतात. ते पुढून पाडावं आणि मागे लाकडाचा तुकडा दाबून धरावा, नाहीतर मागचा सनमायका उडतो. 18 च्या प्लायवर दोन्हीकडे सनमायका धरून जाडी 20 होते, तिथे 25 चा स्क्रू बसतो. लाकडी खणाला मात्र दर्शनी फळीच्या मागे खणाची स्वतःची फळी असते, तिथे 45 चा लागतो. स्क्रू जास्त लांब असेल तर तो हँडलच्या तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण हँडल हलतच राहतं. ते आणखी आवळू नये, वॉशर घालावा किंवा स्क्रू कापावा. पार्टिकल बोर्डात तर वॉशर हवाच, नाहीतर स्क्रूचं डोकं आत रुतत जातं. आणि चौकोनी नॉब एकाच स्क्रूवर असल्यामुळे फिरून तिरका होतो, त्याच्या आट्यांवर थ्रेड लॉकरचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, एक थेंब पुरतो.

या किचनला आठ हँडलं लागली: खणांना तीन, सिंकला दोन, पुलआउटला एक, वर दोन. दुकानातून दहा आणावीत, 320 चं एक आणि 160 चं एक जास्तीचं. दोन वर्षांनी तेच मॉडेल मिळालं तरी रंगाची छटा जुळेलच असं नाही.