चंद्राच्या छायाचित्राची पडताळणी

एखाद्या वास्तूमागे दिसणारा चंद्र त्या दिवशी, त्या वेळी, त्या जागेवरून तेवढा मोठा, त्या कलेचा आणि त्या दिशेला दिसू शकत होता का, हे मोजून ठरवण्याची ही रीत आहे. खगोलीय गणित येत नसले तरी चालते. पट्टी, नकाशा, पंचांग आणि स्टेलॅरियमसारखे तारांगणाचे सॉफ्टवेअर एवढ्यावर काम होते. मुंबईत ग्रहणाच्या किंवा कोजागरीच्या रात्री गेटवे ऑफ इंडियामागे प्रचंड चंद्र दाखवणारी चित्रे फिरतात, म्हणून येथे उदाहरणही गेटवेचेच घेतले आहे.

आकार. चंद्राचा व्यास 3,474 किलोमीटर आणि त्याचे सरासरी अंतर सुमारे 3,84,400 किलोमीटर, म्हणजे तो स्वतःच्या व्यासाच्या साधारण 110 पट दूर आहे. पृथ्वीजवळ आल्यावर हा आकडा 103 पर्यंत उतरतो, दूर गेल्यावर 117 पर्यंत चढतो. ‘सुपरमून’ म्हणून गाजणारा फरक एवढाच. यावरून एक सोयीचा नियम निघतो: चित्रात चंद्र वास्तूच्या अंगावर जितके मीटर रुंद दिसतो, त्याला 110 ने गुणले की कॅमेरा वास्तूपासून किती मीटर दूर असायला हवा ते मिळते. झूम कितीही केले तरी हे गुणोत्तर बदलत नाही, कारण झूममध्ये वास्तू आणि चंद्र दोन्ही सारखेच मोठे होतात.

गेटवेची उंची 26 मीटर. समजा एका चित्रात लालसर पूर्ण चंद्र त्याच्या माथ्याला टेकलेला आहे आणि त्याची रुंदी गेटवेच्या उंचीच्या निम्मी भरते. म्हणजे 13 मीटर, आणि कॅमेरा सुमारे 1,430 मीटरवर. समोरच्या चौकात 60 मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला मात्र चंद्र गेटवेवर जेमतेम 55 सेंटीमीटर, म्हणजे कमानीखाली उभ्या माणसाच्या एक तृतीयांश एवढाच दिसेल. वास्तूची उंची माहीत नसेल तर पायथ्याशी उभा माणूस 1.7 मीटरचा धरून चालते, फक्त तो वास्तूला लागूनच उभा असावा. कॅमेऱ्याच्या जवळचा माणूस धरला की सगळे गणित फसते.

जागा. आता नकाशावर गेटवेपासून 1,430 मीटरची रेघ ओढावी. शहराच्या बाजूला ती इमारतींमधून जाते आणि तिथून गेटवे पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसत नाही. उरते बंदराचे पाणी. होडीतून असे चित्र मिळू शकते, पण मग कॅमेऱ्याचे तोंड पश्चिमेकडे, अर्थात चंद्र मावळतीचा. पौर्णिमेचा चंद्र पहाटे मावळतो, त्यामुळे खाली ‘काल संध्याकाळी’ असे लिहिले असेल तर तिथेच गाडी अडते. शिवाय मागच्या उंच इमारती चंद्राच्या पुढे आलेल्या दिसायला हव्यात. चंद्राने इमारत झाकली असेल तर पुढे मोजायची गरज नाही.

दिशेलाही मर्यादा आहेत. मुंबई सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने चंद्र फार तर पूर्वेच्या 30 अंश डावी-उजवीकडे उगवतो आणि पश्चिमेच्या तेवढ्याच आसपास मावळतो. क्षितिजाला टेकलेला चंद्र ठीक उत्तरेला किंवा ठीक दक्षिणेला येथे कधीच दिसत नाही.

ग्रहणाचा दावा. हेच चित्र 7 सप्टेंबर 2025 च्या खग्रास चंद्रग्रहणाचे म्हणून पाठवले गेले तर? ती भाद्रपद पौर्णिमा, अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस. स्टेलॅरियममध्ये 18.92 उत्तर, 72.83 पूर्व हे स्थान आणि भारतीय प्रमाणवेळ दिली की चंद्राचे दिगंश (उत्तरेपासून मोजलेली दिशा) आणि उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) मिळतात. खग्रास अवस्था रात्री साधारण 11 ते 12:22 पर्यंत होती. 11:41 च्या मध्याला चंद्र आग्नेयेच्या जरा दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे 60 अंश वर होता. गडद छायेतले ग्रहण 9:57 ला सुरू झाले, तेव्हाही तो 40 अंशांच्या वर चढलेला होता.

चित्र मात्र वेगळे सांगते. 1,430 मीटरवरून 26 मीटरची वास्तू अवघी एक अंश उंच दिसते, म्हणजे तिच्या माथ्याला टेकलेला चंद्र क्षितिजापासून अंश-दीड अंशावर हवा. 60 अंशांवरचा चंद्र गेटवेच्या माथ्याशी आणायचा तर जवळजवळ भिंतीला खेटून, 15 मीटरवर उभे राहून मान वर करावी लागेल. तिथून माथ्यापर्यंतचे तिरके अंतर 30 मीटर, आणि चंद्र त्या दगडांवर 27 सेंटीमीटरचा. मोठा चंद्र आणि ग्रहण यांपैकी एकच काहीतरी त्या रात्री मुंबईत शक्य होते.

असे चित्र संपूर्ण बनावटच असेल असे नाही. धूर आणि धुळीमुळे उगवता-मावळता चंद्र मुंबईत नेहमीच तांबूस दिसतो आणि कुठल्याही पौर्णिमेचा जुना फोटो ग्रहणाचा म्हणून खपून जातो. क्षितिजाजवळची लाली खालच्या कडेकडे गडद होत जाते. ग्रहणात छायेच्या मध्यापासून दूर असलेली कड अधिक उजळ दिसते, मग ती कोणत्याही बाजूला असो.

कला. मरीन ड्राइव्हवर सूर्यास्ताच्या केशरी आकाशात, समुद्रावर पूर्ण चंद्र: हे चित्र एका वाक्यात निकालात निघते. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोर असतो, सूर्य पश्चिमेला बुडत असताना तो पूर्वेला, पाहणाऱ्याच्या पाठीमागे उगवतो. त्या वेळी पश्चिमेला फक्त शुक्ल पक्षातली कोर असू शकते, तीही उजळ बाजू सूर्याकडे करून. ती होडीसारखी आडवी दिसली तर संशय घेऊ नये, मुंबईच्या अक्षांशावर ते साधे आहे. कोरीच्या दोन टोकांमध्ये, अंधाऱ्या भागावर तारा चमकत असेल तर मात्र तो चिकटवलेला आहे. तिथे चंद्राचा न उजळलेला भाग आहे, मोकळे आकाश नाही. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या घरांना कृष्ण चतुर्थीचा चंद्र रात्री उशिरा उगवतो हे सांगावे लागत नाही. त्यामुळे दिनदर्शिकेतली तिथी पाहिली तरी अशी पुष्कळ चित्रे गळतात.

चंद्राचा चेहरा. चिकटवलेला चंद्र बहुधा दुसऱ्या देशातून, डोक्यावर आलेला असताना टिपलेला असतो, आणि चिकटवणारा तो फिरवायला विसरतो. चंद्राच्या कडेजवळ इतर डागांपासून सुटा असा एक लहान लंबगोल काळा डाग आहे, मारे क्रिसियम. मुंबईत चंद्र उगवताना हा डाग वरच्या कडेकडे असतो, मावळताना खालच्या कडेकडे. महिन्यागणिक तो थोडा डावी-उजवीकडे सरकतो. उगवत्या म्हणून दाखवलेल्या पूर्ण चंद्रावर तो खाली सापडला, तर चंद्र मावळतीचा आहे किंवा बाहेरून आणलेला.

फसगती. क्षितिजाला अगदी टेकलेला चंद्र वातावरणातील वक्रीभवनामुळे उभ्या दिशेने चेपलेला दिसतो, म्हणून व्यास नेहमी आडवा मोजावा. चंद्र जळून पांढरा गोळा झाला असेल तर त्याच्या भोवतालचे तेज धरून मोजू नये. मोबाइलच्या चित्रात हा गोळा खऱ्या चंद्राच्या कित्येक पट फुगू शकतो, आणि 110 चा नियम तिथे लागू पडत नाही. चित्र कापलेले असले तरी वास्तू आणि चंद्र यांचे गुणोत्तर टिकते, पण फक्त आडवे किंवा फक्त उभे ताणलेले असेल तर आधी गेटवेची उंची-रुंदी खऱ्या छायाचित्राशी ताडून पाहावी लागते. वास्तूच नसलेल्या, नुसत्या काळ्या आकाशातल्या चंद्रावर आकाराची कसोटी चालत नाही. तिथे कला आणि डागांची ठेवण एवढेच हाती राहते.