ऑथेल्लोचा शेवट: रिकामे कप्पे मोजून शेवटची खेळी आपल्याकडे ठेवणे

आमच्याकडून ऑथेल्लोचा पट घेतलेल्या अनेक ग्राहकांना नियम दहा मिनिटांत समजतात, परंतु शेवटच्या दहाबारा घरांत हातचा डाव का निसटतो हे पुष्कळ दिवस उमगत नाही. हे माहितीपत्रक केवळ त्या टप्प्यासाठी आहे. खाली दिलेली घरांची नावे पटाच्या कडेवर छापलेल्या अक्षरांप्रमाणे व अंकांप्रमाणे आहेत; डावीकडून उजवीकडे a ते h आणि वरून खाली 1 ते 8.

डावाच्या आरंभी ६४ पैकी चार घरे भरलेली असतात, म्हणून खेळण्यासाठी ६० घरे उरतात. पहिली खेळी काळ्याची असल्यामुळे, कोणावरही पास होण्याची वेळ आली नाही, तर साठावी म्हणजे शेवटची खेळी पांढऱ्याची येते. याचाच अर्थ असा की काळ्याची पाळी असताना रिकामी घरे नेहमी सम असतात आणि पांढऱ्याची पाळी असताना विषम. शेवटी ठेवलेल्या सोंगटीला उलटवण्यासाठी प्रतिपक्षाकडे खेळी शिल्लक नसते आणि तिने उलटवलेल्या सोंगट्याही तशाच राहतात, हा तिचा मोठा लाभ आहे.

मात्र शेवटाकडे रिकामी घरे सलग नसतात. ती दोनतीन ठिकाणी विखुरलेली असतात आणि प्रत्येक ठिकाणच्या एकमेकांस लागून असलेल्या रिकाम्या घरांच्या समूहाला आपण कप्पा म्हणू. संपूर्ण पटावरची शेवटची खेळी कोणाची, एवढेच पाहून भागत नाही. प्रत्येक कप्प्यातली शेवटची खेळी कोणाची, हे पाहावे लागते. दोन घरांच्या कप्प्यात जो आधी शिरतो, तो दुसरे घर बहुधा प्रतिपक्षाच्या हाती देतो. म्हणून ज्याच्या पाळीला एकूण घरे विषम आहेत त्याने विषम कप्प्यात खेळून सर्व कप्पे सम करावेत आणि त्यानंतर प्रतिपक्ष ज्या कप्प्यात उतरेल त्याच कप्प्यात उत्तर द्यावे. विषम कप्पे तीन असले, तरी सुरुवात त्यांपैकीच एकाने करावी.

पुढील स्थिती हा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी मुद्दाम रचली आहे. पटावर ती मांडून पाहिल्यास हिशेब लवकर समजेल. पाळी पांढऱ्याची आहे. पांढऱ्या सोंगट्या २७ आणि काळ्या ३४ आहेत.

```
  a b c d e f g h
1 ○ ○ · ○ ○ ○ ○ ○
2 ○ ○ ● ○ ○ ○ ● ●
3 ○ ○ ○ ● ● ● ● ●
4 ○ ○ ● ● ● ● ● ●
5 ○ ● ● ● ● ○ ● ●
6 ○ ● ● ● ● ● ● ●
7 ● ○ ○ ○ ○ ○ ○ ·
8 ○ ● ● ● ● ● ● ·
```

येथे कप्पे दोन आहेत: c1 हे एकटे घर, आणि h7 व h8 ही जोडी. नवख्या खेळाडूचा हात h8 कडे जातो, कारण एकतर तो कोपरा आहे आणि शिवाय तेथे खेळताच आठव्या ओळीतल्या सहा काळ्या सोंगट्या पांढऱ्या होतात. परंतु काळा h7 वर खेळून सातव्या ओळीतल्या सहा सोंगट्या उलटवतो आणि त्या परत फिरवण्यासाठी तेथे घरच उरत नाही. पांढऱ्याला शेवटी c1 मिळते, पण त्यात c2 ही एकच सोंगटी उलटते आणि डाव काळा ३४–३० असा जिंकतो. कोपरा घेऊन डाव गमावण्याचा हा प्रकार आमच्या मते सर्वाधिक आढळणारा आहे.

आता पांढऱ्याने आधी c1 खेळले असे समजा. एकच सोंगटी उलटते, त्यामुळे ही खेळी क्षुल्लक वाटते. परंतु खेळी उपलब्ध असताना पास म्हणता येत नाही, म्हणून जोडीचा कप्पा आता काळ्यालाच उघडावा लागतो. तो h7 वर खेळला, तर पांढरा h8 वरून आठव्या ओळीतल्या सहा, h स्तंभातल्या सहा आणि तिरक्या रेषेतल्या चार अशा सोळा सोंगट्या उलटवून ४०–२४ असा जिंकतो. काळ्याने स्वतःच h8 चा कोपरा घेतला, तर त्याची हानी कमी होते, तरीही पांढरा h7 वरून सात सोंगट्या उलटवतो आणि निकाल ३६–२८ असा त्याच्याच बाजूने लागतो. पांढऱ्याने पहिल्यांदा h7 खेळूनही डाव जिंकता येतो, पण काळ्याने h8 हे योग्य उत्तर दिल्यास फरक घटून ३५–२९ होतो.

मग काळ्याने काय करावे? घरांची बेरीज त्याच्या विरुद्ध असते, म्हणून त्याने पांढऱ्याला एका विषम कप्प्यात शिरताच येणार नाही अशी व्यवस्था करावी. वरच्याच स्थितीत c2 वरची सोंगटी काळ्याऐवजी पांढरी ठेवून पाहा. आता c1 वर खेळून पांढऱ्याला एकही सोंगटी उलटवता येत नाही, म्हणजे ते घर त्याला बंद झाले. काळ्याला मात्र ते खुले आहे. पांढऱ्याला जोडीचा कप्पा स्वतः उघडावा लागतो, काळा त्यातले दुसरे घर घेतो, त्यानंतर पांढऱ्यावर पास होण्याची वेळ येते आणि c1 ही शेवटची खेळीही काळ्याचीच होते. पांढऱ्याने h8 ने सुरुवात केली तर काळा ३८–२६ जिंकतो आणि h7 ने केली तर ३३–३१. एका सोंगटीचा रंग बदलल्याने जिंकलेला डाव हरलेला झाला. काळ्याने खेळताना असे घर भरण्याची घाई करू नये. प्रतिपक्षाला जे घेता येत नाही ते शेवटपर्यंत राखून ठेवणेच त्याच्या हिताचे असते, मात्र मधल्या खेळ्यांनी ते पांढऱ्याला खुले होत नाही ना, यावर प्रत्येक वेळी नजर ठेवावी.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. मोठा कप्पा एका खेळीने दोन कप्प्यांत दुभंगू शकतो, आणि पाच घरांचा विषम कप्पा दोन व दोन असा फुटला तर कालचा विषम हिशेब आज लागू राहत नाही. म्हणून प्रत्येक खेळीनंतर मोजणी नव्याने करावी. शिवाय दोन कप्पे एकाच ओळीच्या टोकांवर असतील, तर एका ठिकाणची खेळी दुसऱ्या ठिकाणच्या खेळ्या खुल्या किंवा बंद करते. आमच्या अनुभवानुसार पंधराएक घरे उरली असताना कप्पे पाहण्यास आरंभ करावा, आणि चारपाच घरे उरली की समविषमावर न विसंबता प्रत्येक क्रम सोंगट्यांच्या संख्येसह मनात खेळून पाहावा. वरच्या उदाहरणात h7 ने दिलेला ३५–२९ हा निकाल केवळ नियमावरून कळला नसता.

पांढऱ्याला मिळणारा हा लाभ निर्णायक नाही, हेही ग्राहकांनी लक्षात घ्यावे. सहा बाय सहा घरांच्या छोट्या पटावर दोघांनीही अचूक खेळ केल्यास दुसरा खेळाडू २०–१६ असा जिंकतो, हे १९९३ मध्ये जोएल फाइन्स्टाइन यांनी संगणकाच्या साहाय्याने दाखवले. पूर्ण आकाराच्या पटाविषयी मात्र हिरोकी ताकिझावा यांनी २०२३ मध्ये मांडलेला निष्कर्ष बरोबरीचा आहे. त्यामुळे काळ्या सोंगट्या घेऊन बसणाऱ्याने साठाव्या खेळीची चिंता आरंभापासून करण्याचे कारण नाही. त्याला संपूर्ण डावात प्रतिपक्षावर एकदाच पासची वेळ आणता आली आणि स्वतः पास व्हावे लागले नाही, तर सम आणि विषम यांची अदलाबदल होते.