तीन सुताची चावी आणि दहा मिलिमीटरची खाच

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या जुन्या वर्कशॉपमध्ये आजही कुणी सहज म्हणतं, "दीड इंची शाफ्ट? मग तीन सुताची चावी." चावी म्हणजे शाफ्ट आणि पुली एकत्र फिरावीत म्हणून दोघांच्या खाचांत बसवलेला पोलादी तुकडा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दीड इंचात बारा सूत, त्याचा चौथा हिस्सा तीन. चावीची रुंदी शाफ्टच्या पाव ठेवायची, हा तो हिशेब.

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत इथेच उभी राहिली. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. पण कारखान्यांतली बरीच यंत्रं इंचातली होती. कायदा बदलला, पुल्या त्याच राहिल्या.

त्याआधी अनेक यंत्रांना पट्ट्यांनी फिरवणारा एक लांब शाफ्ट असे, त्या लाइनशाफ्टला उताराची चावी ठोकत. शंभराला एक असा तिचा उतार. ती वर-खाली आवळते, त्यामुळे हब, म्हणजे पुलीचा मधला भाग, एका बाजूला सरकतो. संथ फिरणाऱ्या पट्ट्यांना ते चालून जाई. मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरला चालत नाही, म्हणून समांतर चावी आली. ती फक्त बाजूंनी जोर देते आणि वर मुद्दाम थोडी फट ठेवतात.

आता नेहमीची अडचण. साडेसात किलोवॅटची नवी मोटर येते, तिचा शाफ्ट ३८ मिमी. चावी १० रुंद, ८ उंच. शाफ्टमध्ये खाच ५ मिमी खोल, हबमध्ये ३.३. बेरीज ८.३, म्हणजे वरची फट ०.३. त्यावर जुनी दीड इंची पुली चढवायची असते. तिचं भोक ३८.१, खाच ९.५२५. कारागीर कानस घेऊन खाच १० करतो. चावी बसते, पुलीही बसते, सगळे खूश.

ताकदीत काही कमी नसतं. टॉर्क सुमारे ५० न्यूटन-मीटर, म्हणजे चावीच्या बाजूवर साधारण २६०० न्यूटन. ७० मिमी लांब चावीला हे किरकोळ. दुखणं भोकात असतं. एक दशांश मिलिमीटरच्या ढिलाईमुळे पुली शाफ्टवर डुलते आणि कानशीने खाचेची तोंडं फाकलेली असतात. मोटर सुरू होताना 'टक्' आवाज येतो. काही दिवसांनी हबच्या कडेला तांबूस भुकटी दिसते. ती दिसली की खाच खाल्ली जातेय असं समजावं. काहीजण चावीवर पत्र्याची पट्टी ठोकतात. माझ्या मते ती दोष पुढे ढकलण्याची सोय आहे, इतकंच.

दुरुस्ती हवी तर पुली मोठी बोअर करून जाड पोलादी नळीसारखा बुश दाबून बसवावा. मग ३८ चं भोक एच७ या माप-सूट वर्गात काढून स्लॉटिंग मशीनवर १० ची नवी खाच पाडावी. ती जेएस९ मध्ये, म्हणजे १० च्या वर-खाली १८ मायक्रॉन. शाफ्टची खाच एन९ असते, १० पेक्षा ३६ मायक्रॉनपर्यंत लहान. म्हणून चावी शाफ्टमध्ये हलक्या ठोक्याने जाते आणि पुली मात्र वरून सरकवता येते. खोली मोजताना भोकाच्या समोरच्या भिंतीपासून खाचेच्या तळापर्यंत ४१.३ यायला हवं.